सात हजारांत एक : एका 'हाय रिस्क' रिपोर्टचा उलटा हिशेब

माझी भाची साताऱ्याला असते. वय २५, पहिलंच बाळंतपण. अकराव्या आठवड्यात तिच्या डॉक्टरांनी एनआयपीटी करून घेण्याचा पर्याय दिला. आईच्या दंडातून थोडं रक्त काढायचं आणि त्यात तरंगणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घ्यायचा, अशी ही चाचणी. सुई पोटात जात नाही, गर्भाला धक्का नाही, म्हणून दोघांनी लगेच होकार दिला. बाराव्या आठवड्याच्या शेवटी रिपोर्ट आला. ट्रायसोमी २१ : लो रिस्क. ट्रायसोमी १८ : लो रिस्क. ट्रायसोमी १३ : हाय रिस्क. 'हाय रिस्क' हे शब्द लाल अक्षरांत होते आणि तळाशी बारीक टाइपात लिहिलं होतं, संवेदनशीलता ९९ टक्क्यांहून अधिक, विशिष्टता ९९.९ टक्क्यांहून अधिक.

ट्रायसोमी १३ म्हणजे तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असणं. मेंदू, हृदय, चेहरा अशा सगळ्याच घडणीवर त्याचा आघात होतो. असे बरेच गर्भ पोटातच जातात आणि जन्मलेली बहुतेक बाळं वर्षाच्या आत दगावतात. हे सगळं भाचीने फोन करण्याआधीच वाचून काढलं होतं.

"मामा, तुम्ही आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलंत. ९९ टक्के म्हणजे आता काही उरलंच नाही ना?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेलो. पुढचे सहा महिने जे घडलं आणि त्यात आकड्यांचं काय झालं, ते तिच्या परवानगीने इथे सविस्तर लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकाचे निर्णय डॉक्टरांनी घेतले. माझं काम रिपोर्टवरचा आकडा नेमकं काय सांगतो ते उलगडण्याचं होतं.

घरात गेलो तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. सासूबाईंचं म्हणणं होतं की लवकर मोकळं झालेलं बरं, दिवस वाढतील तसा जीव जास्त अडकतो. त्या कठोर नव्हत्या. रात्रभर रडून डोळे सुजले होते त्यांचे. जावयांनी माझ्यापुढे रिपोर्ट ठेवला आणि म्हणाले, "मामा, शंभरात नव्व्याण्णव बरोबर असणारी टेस्ट आहे. आपल्याच नशिबी ती चुकीची असेल असं कसं धरून चालायचं?" शिवाय त्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंचं उदाहरण ताजं होतं. त्या चाळिशीच्या. त्यांचा ट्रायसोमी २१ चा असाच रिपोर्ट आला होता आणि पुढे तो खरा निघाला होता.

मी पाठकोरा कागद मागितला. सुरुवात आकड्यांनी केली नाही, माणसांनी केली. वारीत चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात तुळशीची माळ असते. शंभर वारकरी पाहिले तर नव्व्याण्णवांच्या गळ्यात दिसेल. पण सातारच्या बाजारात माळ घातलेली शंभर माणसं अडवून विचारलं, की यंदा वारीला गेला होता का, तर नव्व्याण्णव जण 'हो' म्हणतील का? माळ घातलेले पण वारीला न गेलेले खूप असतात. 'वारकरी असेल तर माळ असण्याची शक्यता' हा एक प्रश्न, आणि 'माळ असेल तर वारीला गेलेला असण्याची शक्यता' हा दुसरा. शब्द तेच, क्रम उलटा, उत्तरं पार वेगळी.

रिपोर्टवरची संवेदनशीलता, म्हणजे ते ९९ टक्के, पहिल्या प्रकारची आहे. बाळाला ट्रायसोमी १३ आहे हे आधी धरायचं आणि मग विचारायचं, चाचणी ते पकडेल का? पकडेल, शंभरात ९९ वेळा. त्या घरातल्या प्रत्येकाला मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. चाचणीने 'आहे' म्हटलं आहे, आता बाळाला खरोखर आहे का? त्याचं उत्तर रिपोर्टवर कुठेच छापलेलं नव्हतं. ते छापणं प्रयोगशाळेला नुसत्या चाचणीच्या गुणांवरून शक्यही नाही, कारण त्यासाठी आणखी एक आकडा लागतो. हा आजार मुळात किती बायकांच्या गर्भात आढळतो, तो आकडा.

तो आईच्या वयावर अवलंबून असतो. पंचविशीच्या बाईला बाराव्या आठवड्याच्या सुमारास ट्रायसोमी १३ चा गर्भ असण्याचं प्रमाण साधारण सात हजारांत एक आहे. बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून २०१७ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत ट्रायसोमी १३ साठी चाचणीची पकड ९९ टक्के आणि निरोगी गर्भाला चुकून 'हाय रिस्क' म्हणण्याचं प्रमाण ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारांत चार, असं आहे. मी हे तीन आकडे कागदावर लिहिले आणि टक्क्यांना तिथेच सोडलं. टक्क्यांत डोकं चालत नाही, मोजणीत चालतं.

समजा, भाचीच्याच वयाच्या ७,००,००० गरोदर बायकांनी ही चाचणी केली. सात हजारांत एक या हिशेबाने त्यांतल्या १०० जणींच्या गर्भाला ट्रायसोमी १३ आहे. चाचणी त्यांतल्या ९९ जणींना 'हाय रिस्क' म्हणेल. उरलेल्या ६,९९,९०० जणींची बाळं या बाबतीत ठीक आहेत. त्यांतल्या दहा हजारांत चौघींना, म्हणजे सुमारे २८० जणींना, चाचणी चुकून 'हाय रिस्क' म्हणेल. आता 'हाय रिस्क'चा कागद हातात असलेल्या सगळ्याजणी एका मैदानात उभ्या करा. ९९ आणि २८० मिळून ३७९ झाल्या. त्यांत खरोखर आजार असलेल्या किती? ९९. म्हणजे २६ टक्के, चौघींत एक.

जावयांनी तो कागद स्वतःकडे ओढला आणि गुणाकार पुन्हा करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे टेस्ट वाईट आहे?" अजिबात नाही, आणि हे मला त्यांना नीट सांगावंसं वाटलं. चाचणीच्या आधी तिची शक्यता सात हजारांत एक होती, नंतर चारांत एक झाली. एका रक्ताच्या नमुन्याने पुराव्याचं पारडं इतकं हलवणं ही मोठीच गोष्ट आहे. दहा हजारांत चारच चुका म्हणजे फारच कमी. पण आजार त्याहूनही दुर्मिळ आहे, दहा हजारांत दीडसुद्धा नाही. चुका कमी की जास्त, हे आजाराच्या प्रमाणाशी तोलून ठरतं. चुका ज्यांच्यात होतात तो निरोगी बायकांचा घोळका अफाट मोठा असतो आणि त्याचा बारीकसा तुकडाही खऱ्या रुग्णांच्या मुठीपेक्षा मोठा भरतो.

ऑफिसातल्या बाईंचं उदाहरण मी बाजूला सारलं नाही, त्यावरच हिशेब केला. चाळीस वर्षांच्या बाईला त्याच आठवड्यांत ट्रायसोमी २१ चा गर्भ असण्याचं प्रमाण साधारण ६८ मध्ये एक. पुन्हा सात लाख बायका घेतल्या, तर १०,३०० च्या आसपास गर्भांना तो आजार असेल आणि चाचणी जवळजवळ सगळे पकडेल. चुकून 'हाय रिस्क' ठरणाऱ्या मात्र याही वेळी २८० च्या जवळपासच. मग 'हाय रिस्क' ऐकणाऱ्या शंभर जणींत ९७ जणींच्या बाबतीत ते खरं निघेल. त्या बाईंना आलेला अनुभव खराच होता. फक्त तो ६८ मधल्या एकीचा होता आणि माझी भाची सात हजारांतल्या एकीच्या रांगेत होती. गंमत म्हणा किंवा काळजीची बाब म्हणा, भाचीचाच रिपोर्ट ट्रायसोमी २१ साठी 'हाय रिस्क' आला असता तर तिच्या वयाला तो सुमारे ७२ टक्के खरा ठरला असता. तीच बाई, तोच रक्ताचा नमुना, तीच मशीन, तळाशी तेच ९९ टक्के. तिन्ही गुणसूत्रांच्या ओळी एकाखाली एक, एकाच साच्यात छापलेल्या असतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिन्ही सारख्याच वजनाच्या आहेत.

इथे एक मर्यादा सांगायला हवी, कारण २६ हा आकडा मी दगडावर कोरलेला नाही. प्रयोगशाळेने विशिष्टता, म्हणजे निरोगी गर्भाला बरोबर निरोगी म्हणण्याचं प्रमाण, '९९.९ टक्क्यांहून अधिक' एवढंच लिहिलं होतं. नेमकं ९९.९ धरलं तर चूक ०.१ टक्का होते, चुकीच्या 'हाय रिस्क' २८० ऐवजी ७०० होतात आणि उत्तर २६ वरून १२ टक्क्यांवर येतं. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावरचा फरक निम्म्याहून जास्त उत्तर खाऊन टाकतो. दुर्मिळ आजारात हे नेहमीच होतं. पकड ९९ आहे की ९७, याने उत्तर फारसं हलत नाही. निरोगी माणसांत चूक किती, यावर सगळं तोललेलं असतं, आणि रिपोर्टवर नेमका तोच आकडा गोल करून लिहिलेला असतो. म्हणून मी घरच्यांना '२६ टक्के' म्हटलं नाही. आठांत एक ते चारांत एक, असं म्हटलं. घर थोडं शांत झालं. सासूबाई चहा टाकायला उठल्या.

चहा घेताना जावयांनी जे सुचवलं ते कुणालाही सुचेल असं होतं. "मग दुसऱ्या लॅबमध्ये हीच टेस्ट परत करू. दोन्हीकडे पॉझिटिव्ह आली तर खरं, नाहीतर पहिली चूक." ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं, आणि कागदावर हिशेब केला तर आणखीच पक्कं वाटतं. मैदानातल्या ९९ खऱ्यांपैकी ९८ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. २८० चुकीच्यांपैकी पुन्हा दहा हजारांत चार, म्हणजे एकही पूर्ण बाई उरत नाही. दोन पॉझिटिव्ह रिपोर्ट आले म्हणजे खात्री ९९.९ टक्के. हा हिशेब त्यांनी स्वतः केला, बरोबर केला, आणि तो आमच्या बाबतीत पूर्णपणे चुकीचा होता. या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची जागा मला हीच वाटते.

त्यासाठी ही चाचणी कशाकडे बघते ते समजून घ्यावं लागतं. आईच्या रक्तात गर्भाकडून आलेला डीएनए तरंगतो हे १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यावरच ही चाचणी उभी आहे. पण आपण ज्याला बाळाचा डीएनए म्हणतो तो मुख्यतः वारेचा असतो. वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी झडतात आणि त्यांचे तुकडे आईच्या रक्तात येतात. वार आणि बाळ एकाच फलित पेशीपासून होतात, म्हणून बहुतेक वेळा दोघांची गुणसूत्रं सारखी असतात. काही वेळा मात्र सुरुवातीच्या पेशी-विभागणीत गडबड होते आणि जादा तेरावं गुणसूत्र असलेल्या पेशी फक्त वारेच्या एखाद्या भागात राहतात, बाळ मात्र साफ असतं. चाचणी वारेकडे बघते आणि प्रामाणिकपणे 'जादा १३' म्हणते. मशीन चुकलेलं नसतं. आपण वारेवरून बाळाबद्दल अनुमान काढलं, तिथे घसरण होते. अगदी सुरुवातीला जुळं असून त्यातला एक गर्भ विरून गेला असेल किंवा आईच्या स्वतःच्या गुणसूत्रांत काही फरक असेल, तरीही असाच रिपोर्ट येऊ शकतो.

आता तीच बाई दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली तर वार तीच आहे. तिच्यातला तो डाग तिथेच आहे. दुसरी मशीनही तेच सांगणार. दुसऱ्यांदा चूक होण्याची शक्यता दहा हजारांत चार उरत नाही, ती त्याहून कितीतरी जास्त होते. संख्याशास्त्राच्या भाषेत, दोन चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. शक्यतांचा गुणाकार करण्याची परवानगी स्वतंत्र पुराव्यालाच असते. मोजणीतल्या निव्वळ योगायोगाने पहिला रिपोर्ट चुकला असता तर पुन्हा केलेली चाचणी उपयोगी पडली असती. पण चुकीचं मूळ शरीरात असेल तर दुसरा रिपोर्ट हा पहिल्याचाच प्रतिध्वनी असतो. जावयांनी तो रिपोर्ट आणला असता, तो पॉझिटिव्ह आला असता, त्यांनी ९९.९ टक्के लिहून घेतलं असतं आणि पुढे कुणाचंच ऐकलं नसतं. मी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

म्हणून पुढचा पुरावा असा हवा होता, जो वारेकडे न बघता बाळाकडे बघतो. पुण्यातल्या जनुकीय समुपदेशक मॅडमनी दोन पायऱ्या सांगितल्या. आधी सविस्तर सोनोग्राफी, मग सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणी. वारेचाच तुकडा घेऊन करायची सीव्हीएस तपासणी आणखी लवकर होऊ शकली असती. पण सोनोग्राफी स्वच्छ असेल तर ट्रायसोमी १३ च्या बाबतीत त्या ती टाळतात असं मॅडम म्हणाल्या. कारण सरळ आहे, ज्या वारेवर शंका तिचीच साक्ष पुन्हा कशाला काढायची?

तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. ट्रायसोमी १३ ची खूण लवकर आणि ठळक दिसते हे या आजाराचं वैशिष्ट्य आहे. मेंदूचे दोन भाग वेगळे न होणं, ओठ-टाळू दुभंगलेलं असणं, हृदयाची रचना बिघडलेली असणं, बोटं जास्त असणं, मूत्राशय फुगलेलं असणं, हृदयाचे ठोके वेगाने पडणं, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं पाहिलं. मेंदूची मधली रेघ स्पष्ट, दोन्ही बाजूंची फुलपाखरासारखी आकृती जागेवर, मानेमागची पारदर्शक पट्टी १.६ मिलिमीटर, ठोके १५४, हातांची बोटं मोजता आली. काहीच वावगं नाही.

याचं वजन किती धरायचं? डॉक्टरांना मी विचारलं, ट्रायसोमी १३ असलेल्या शंभर गर्भांत या वयाला तुमच्या हाताखाली किती सुटतील? ते म्हणाले, फार तर पंधरा. हा त्यांचा अंदाज होता, छापील आकडा नव्हे, आणि मी तो तसाच वापरला. पुन्हा मैदानात या. ९९ खऱ्यांपैकी सोनोग्राफीत साध्या दिसणाऱ्या १५. चुकीने 'हाय रिस्क' ठरलेल्या २८० पैकी दहा जणींना काहीबाही शंका निघेल असं धरलं तरी २७० साध्या दिसतील. आता स्वच्छ सोनोग्राफी घेऊन उभ्या असलेल्या २८५ जणींत खऱ्या १५. पाच टक्के, साधारण एकोणिसांत एक. डॉक्टरांचा हात त्यांना वाटतो तेवढा सरस नसेल आणि शंभरात ४० सुटत असतील, तर उत्तर तेरा टक्के येतं. तरीही सुरुवातीच्या चारांत एकच्या निम्मं.

इथे गुणाकार का चालला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाबतीत का चालला नाही, हे भाचीने स्वतः सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. "मामा, रक्ताची टेस्ट वारेला विचारते. सोनोग्राफी बाळाला विचारते. दोघी एकाच कारणाने चुकणार नाहीत." वर्गात तीस वर्षं मुलांना स्वतंत्र घटनांची व्याख्या लिहून दिली, पण तिच्याइतकं नेमकं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

पाच टक्क्यांवर थांबता आलं असतं. काही जोडपी इथे थांबतात आणि अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीची वाट बघतात, तेही चूक नाही. गर्भजल काढताना गर्भ गमावण्याचा धोका हजारात एक ते तीन इतका सांगितला जातो. एका पारड्यात शंभरात पाच, दुसऱ्यात हजारात एक ते तीन. भाचीने सांगितलं, की हे पाच टक्के पोटात घेऊन सहा महिने झोपणं तिला जमणार नाही. निर्णय तिचा होता आणि तिने तो असा घेतला.

पण सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं म्हणजे तीन आठवडे काढायचे होते आणि घरात पुन्हा घाई सुरू झाली. उशीर झाला तर कायदा आड येईल, अशी भीती सासूबाईंना कुणीतरी घातली होती. ती खरी नव्हती. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचं निदान वैद्यकीय मंडळाने केलं तर २४ आठवड्यांची मर्यादाही लागू होत नाही. थांबल्याने कुठलंच दार बंद होत नव्हतं. घाई केली असती तर मात्र परत फिरता आलं नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये याच चाचण्यांबद्दल जाहीर सूचना काढली होती, की नुसत्या त्यांच्या निकालावरून गर्भाला आजार असल्याचं निदान करू नये. मॅडमनी ती सूचना सासूबाईंना मराठीत समजावून सांगितली आणि त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

सोळा आठवडे दोन दिवस. नोंदणीकृत केंद्रात संमतीच्या फॉर्मवर सह्या झाल्या, सोनोग्राफीच्या नजरेखाली पोटातून बारीक सुई आत गेली आणि पंधरा-वीस मिलिलिटर पिवळसर पाणी बाहेर आलं. त्यात बाळाच्या त्वचेच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशी तरंगत असतात, त्या थेट बाळाच्या. तिसऱ्या दिवशी जलद तपासणीचा निकाल आला. तेरावं गुणसूत्र दोन. पेशी वाढवून केलेली पूर्ण तपासणी आणखी दोन आठवड्यांनी आली, तीही साधी.

त्या दिवशी जावयांनी फोनवर म्हटलं, "मामा, तुमचा हिशेब बरोबर ठरला." मी त्यांना थांबवलं. निकाल उलटा आला असता तरी हिशेब तोच राहिला असता. २८५ जणींच्या त्या मैदानात पंधरा जणी खऱ्या होत्या आणि त्यांपैकी प्रत्येकीच्या घरी असाच फोन गेला असता, वेगळ्या बातमीचा. एका निकालाने शक्यता खरी किंवा खोटी ठरत नाही. हिशेबाने आम्हाला इतकंच दिलं होतं, की तेराव्या आठवड्यात काय करू नये ते कळलं.

यानंतरही एक गोष्ट शिल्लक होती, ती बहुतेक घरांत विसरली जाते. बाळ साफ असेल तर मग ते जादा तेरावं गुणसूत्र रक्तात आलं कुठून? बहुधा वारेतून. आणि वारेत अशा पेशी असतील तर काही वेळा ती बाळाला पुरेसं पोषण देऊ शकत नाही. म्हणून मॅडमनी अठ्ठावीस, बत्तीस आणि छत्तीस आठवड्यांना वाढीची सोनोग्राफी करायला सांगितली. बत्तिसाव्या आठवड्यात पोटाचा घेर जरा मागे पडला, छत्तिसाव्याला भरून आला. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २ किलो ६०० ग्रॅम.

वार तपासणीला पाठवायची असं आधी ठरलं होतं. चार-पाच ठिकाणचे तुकडे घेऊन गुणसूत्रं पाहिली असती तर डाग खरोखर तिथे होता का हे कळलं असतं. पण कळा रात्री दोनला सुरू झाल्या, ड्यूटीवर दुसरेच डॉक्टर होते, आणि फाइलमधल्या त्या चिठ्ठीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सकाळी मी दवाखान्यात पोचून विचारलं तेव्हा वार केव्हाच टाकून दिलेली होती.